चौथं बोट मिटतं तेव्हा: बाळाचे श्वास मोजणाऱ्या आशाताईची गोष्ट मुलांसाठी कशी लिहावी

थंडी पडली की माझ्याकडे एकाच विषयावरच्या गोष्टी वाचायला येतात. लिहिणाऱ्या बहुतेक शिक्षिका, अंगणवाडी ताई, कधी आरोग्यखात्यातली एखादी मैत्रीण. बाळाला खोकला झालाय, आशाताई घरी येते, श्वास मोजते, ते जलद आहेत, म्हणजे न्यूमोनिया असू शकतो, हे ओळखते आणि बाळाला दवाखान्यात पाठवते. विषय चांगला आहे. पण दहातल्या आठ गोष्टींत मुख्य प्रसंग असा उरकलेला असतो: "ताईंनी बाळाचे श्वास मोजले. ते खूप जास्त होते." किती जास्त? कशापेक्षा जास्त? कुठे बघून मोजले? ऐकणारी मुलं हे विचारतातच, आणि लिहिणारीकडे उत्तर नसतं.

माझी पहिली गोष्टही याच वळणाची होती. ती मी आशाताईंच्या एका बैठकीत वाचून दाखवली. आईच्या कडेवर बाळ रडतंय आणि ताई घड्याळात बघत श्वास मोजतेय, हा प्रसंग आला तशी मागच्या रांगेतली एक ताई हसली. म्हणाली, "रडतंय ना ते? मग काय मोजतेय ही, हुंदके?" तो मसुदा मी तिथेच घडी घालून पिशवीत टाकला.

खाली लिहायचा क्रम दिला आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर एकाच गोष्टीचा तुकडा. गोष्ट सात ते दहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवायची आहे असं धरलं आहे.

## १. लिहिण्याआधी: स्वतः एकदा मोजा

घरात, शेजारी, नात्यात कुठेतरी पाच वर्षांच्या आतलं मूल असतंच. ते झोपलेलं किंवा शांत असताना मोबाइलवर एका मिनिटाचा गजर लावा आणि मोजा. छाती किंवा पोट एकदा वर जाऊन खाली आलं की एक श्वास. असं तीन वेळा करा. स्वतःचे श्वास मोजून काम भागत नाही, कारण आपण लक्ष दिलं की आपला श्वास लगेच बदलतो.

मोजताना तीन गोष्टी ध्यानात येतील आणि त्या तिन्ही गोष्ट लिहिताना लागणार आहेत. पहिली, लहान बाळाच्या छातीपेक्षा पोट जास्त स्पष्ट हलतं. दुसरी, स्वेटर, कुंची, दुपटं यांच्या खाली काहीही दिसत नाही, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात तर नाहीच. तिसरी मला फार उशिरा कळली: मराठी आकडे मध्येच जड होतात. "सात, आठ, नऊ" भरभर म्हणता येतं, पण "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस" म्हणेपर्यंत बाळाचा पुढचा श्वास निघून गेलेला असतो. मनात मोजतानाही जीभ अडखळते.

यावर उपाय म्हणजे दहापर्यंतच मोजायचं. दहा झाले की हाताचं एक बोट मिटायचं आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. ही कल्पना मला गडचिरोलीतल्या एका जुन्या साधनावरून सुचली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं मोठे आकडे न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचं एक साधन केलं होतं. त्याला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर श्वास जलद. आकडा म्हणायची गरजच नाही. गोष्टीत मी मण्यांच्या जागी बोटं घेतली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाकडे ती असतात.

तपासा: तिन्ही वेळचे आकडे साधारण जवळपास आले का? एकदा २६ आणि एकदा ५० आले असतील तर तुमचं मोजणं चुकतंय. ते सुधारल्याशिवाय लिहायला बसू नका.

## २. आधी बाळाचं वय ठरवा, मग आकडा

"जलद" म्हणजे किती, हे वयावर ठरतं. खोकला असलेल्या किंवा श्वासाला त्रास होणाऱ्या बाळासाठी आशाताई या मर्यादा वापरतात:

- दोन महिने पूर्ण न झालेलं बाळ: मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त
- दोन महिने पूर्ण, पण वर्ष पूर्ण नाही: ५० किंवा जास्त
- वर्ष पूर्ण, पण पाच वर्षं पूर्ण नाहीत: ४० किंवा जास्त

तिन्ही मर्यादा एका गोष्टीत कोंबू नका. तसं केलं की गोष्टीचा तक्ता होतो आणि मुलांच्या हाती काहीच लागत नाही. एक बाळ घ्या, एक मर्यादा घ्या. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मी गोष्टीत घेत नाही. इतक्या लहान बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, मध्येच थांबल्यासारखा होतो, म्हणून ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजावा लागतो. शिवाय एवढ्या तान्ह्या बाळाचं दुखणं हा वेगळाच, जास्त घाईचा विषय आहे.

मी वर्षाच्या थोडं पुढचं बाळ निवडलं. त्याला कारण आहे. मिनिटाला ४६ श्वास हे दहा महिन्यांच्या बाळाला मर्यादेच्या आत आहेत, चौदा महिन्यांच्या बाळाला मात्र जलद. म्हणजे वय चुकलं की निदानही चुकलं. घरात वय नेमकं कुणालाच आठवत नाही हा आपल्याकडचा रोजचा अनुभव, आणि तोच गोष्टीतला पहिला अडथळा होतो. अडथळा असला की मुलं कान देतात.

गोष्टीची सुरुवात अशी:

> चिंगीनं सकाळपासून तीन वेळा सोन्यापुढे पत्र्याचा डबा धरला. एरवी सोन्या झडप घालायचा आणि डबा जमिनीवर आपटून घर डोक्यावर घ्यायचा. आज त्यानं डबा हातात घेतला, पण वाजवला नाही. खोकला, आणि पुन्हा आईच्या मांडीत शिरला.
>
> "सर्दी आहे, होईल बरी," आजी चुलीत लाकूड सारत म्हणाली.
>
> दुपारी कांताताई आली. ती गावची आशाताई. तिनं चपला दाराबाहेर काढल्या आणि विचारलं, "सुरेखा, कधीपासून खोकतोय गं हा?"
>
> "परवापासून. कालपासून अंगही गरम लागतंय."
>
> "आणि वय किती झालं आता?"
>
> "वर्षाचा होईल की," आजी म्हणाली.
>
> "झाला की वर्षाचा," आई म्हणाली.
>
> "अजून चालत नाही, म्हणजे नसेल झाला," आजी म्हणाली.
>
> चिंगी उठली, फळीवरच्या पिशवीतून सोन्याचं कार्ड काढून घेऊन आली. तिसरीत असल्यामुळे तिला तारीख वाचता येत होती. "बारा ऑक्टोबर. मागच्या वर्षीचा."
>
> आज सोळा डिसेंबर होती. कांताताईनं बोटांवर हिशोब केला. "चौदा महिने पुरे झाले. म्हणजे आपल्याला चार बोटं ध्यानात ठेवायची आहेत, चिंगी."
>
> "चार बोटं? कशाला?"
>
> "सांगते."

चार बोटांचं कोडं इथेच टाकून पुढे जायचं. उत्तर लगेच देऊ नका.

सांभाळा: तारखा स्वतः मोजून बघा. एका गोष्टीत बाळ "अकरा महिन्यांचं" होतं आणि तीन पानांनी त्याचा वाढदिवस होऊन दोन महिने झालेले होते. मुलं हे पकडतात.

## ३. मोजण्याआधी विचारपूस

पुष्कळ गोष्टींत ताई आल्या आल्या मोजायला बसते. प्रत्यक्षात ती आधी बोलते, आणि त्यात दोन कामं होतात. एक म्हणजे बाळ तिला सरावतं. दुसरं, ती चार प्रश्न विचारून घेते: दूध पितंय का, खाल्लेलं-प्यालेलं सगळं उलटून टाकतंय का, झटके आले का, आणि हाक मारली की डोळे उघडून बघतंय का. यातलं काहीही बिघडलेलं असेल तर मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. म्हणून गोष्टीतल्या बाळाची ही चारही उत्तरं ठीक ठेवा, नाहीतर मोजण्याचा प्रसंग खोटा पडेल. सोन्या मलूल आहे, पण दूध पितो आणि बघतो.

हे चार प्रश्न गोष्टीत ओळीनं मांडले तर ते अर्जासारखे वाटतात. मी ते आजीच्या आणि आईच्या बोलण्यात पसरवले:

> "दूध ओढतोय ना नीट?"
>
> "ओढतोय. आत्ताच पाजलं. पण मध्येमध्ये सोडून देतो, धाप लागल्यासारखं करतो."
>
> "उलटी?"
>
> "सकाळी एकदा झाली खोकता खोकता. बाकी पोटात राहतंय."
>
> "झटके वगैरे?"
>
> "छे गं बाई, नाव नको काढू," आजी म्हणाली.
>
> कांताताईनं सोन्यापुढे चाव्यांचा जुडगा हलवला. सोन्यानं चाव्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा चाव्यांकडे. "बघतोय पठ्ठ्या," ती म्हणाली.

आईच्या "धाप लागल्यासारखं" या शब्दाकडे लक्ष द्या. गावात कुणी "श्वसनाचा वेग वाढला" म्हणत नाही. "धाप लागते", "पोट उडतं", "दम खातो" असं म्हणतात. तुमच्या भागात जे म्हणतात तेच आईच्या तोंडी घाला.

इथली आणखी एक नेहमीची चूक म्हणजे घरघर. नाक चोंदलं की बाळाच्या श्वासाचा आवाज येतो, आई घाबरते, आणि लेखिकाही त्या आवाजालाच आजार समजते. पण जलद श्वासाला आवाज असेलच असं नाही. पुष्कळदा तो अगदी गुपचूप चालू असतो, म्हणून तर मोजावा लागतो. गोष्टीत "बाळाचा श्वास घरघर वाजू लागला आणि ताईनं ओळखलं" असं लिहिलंत तर मुलं कान लावायला शिकतील, डोळे लावायला नाही.

## ४. मोजण्याचा प्रसंग

गोष्टीचा निम्मा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई नको. क्रम असा ठेवा: बाळ शांत होणं, उजेड, कपडा वर करणं, घड्याळ लावणं, मोजणं. यातली एकही पायरी मागेपुढे झाली की मोजणं फसतं. मुलांना ते फसताना एकदा दाखवायलाच हवं. पहिल्याच फटक्यात बरोबर मोजणाऱ्या ताईपेक्षा मोजणं सोडून पुन्हा सुरू करणारी ताई जास्त खरी वाटते, आणि नियम तिथेच मुलांच्या डोक्यात बसतो.

> कांताताईनं मोबाइलवर एका मिनिटाचा गजर लावला आणि सोन्याचा स्वेटर वर करायला हात घातला. हात गार होता. सोन्यानं ओठ काढला, आणि मग जो भोंगा सुरू केला की शेजारची शेळीसुद्धा ओरडायला लागली.
>
> "एक, दोन, तीन..." चिंगी मोजायला लागली.
>
> "थांब, थांब." कांताताईनं गजर बंद केला. "रडताना मोजायचं नसतं. रडताना सगळ्यांचाच श्वास पळतो. तू धावून आलीस की तुझा पळतो ना, तसा."
>
> "पण माझे अकरा झाले होते!"
>
> "ते अकरा सोडून दे. अर्धवट मोजलेलं पुढे जोडायचं नाही. पुन्हा एकपासून."
>
> तिनं हात चुलीपाशी शेकले. सुरेखा सोन्याला घेऊन दाराजवळ उन्हात बसली. आजीनं स्वेटरची दोन बटणं अलगद काढली, सदरा फक्त पोटापुरता वर केला. सोन्या दाराबाहेरच्या कोंबडीकडे बघत होता. हुंदके थांबले. कांताताईनं मग आणखी थोडा वेळ तसाच जाऊ दिला.
>
> "आता," ती हळूच म्हणाली. "चिंगी, पोटाकडे बघ. दहा श्वास झाले की मी एक बोट मिटणार. चार बोटं मिटायच्या आत फोन वाजला, तर बरं. फोन वाजायच्या आत चौथं बोट मिटलं, तर सोन्याला आजच दवाखान्यात न्यायचं."
>
> गजर लागला. कुणी बोललं नाही. सोन्याचं पोट वर आलं, खाली गेलं. वर आलं, खाली गेलं.
>
> एक बोट.
>
> कोंबडी दारातून निघून गेली. सोन्या आता उन्हातल्या धुळीकडे बघत होता.
>
> दुसरं बोट.
>
> चुलीत लाकूड तडकलं. आजीनं पदर तोंडाशी धरला.
>
> तिसरं बोट.
>
> चिंगीला वाटलं, फोन आता वाजावा. आत्ता. वाजला नाही.
>
> चौथं बोट मिटलं.
>
> फोन अजून गप्पच होता. कांताताई पोटाकडेच बघत राहिली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि फोन वाजला.

चार बोटं आणि वर सहा, म्हणजे ४६. चौथं बोट मिटल्यावर ताई थांबत नाही, पूर्ण मिनिट मोजते. कारण दवाखान्यात आकडा सांगायचा असतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजल्यावर त्याच आकड्याशी ताडून बघायचं असतं.

वाचून दाखवताना या तुकड्याला खरं मिनिट देता येतं. मी बोटांच्या ओळींमध्ये मुद्दाम थांबते आणि मुलांना माझ्या हाताकडे बघायला लावते. ४६ च्या वेगात एक बोट साधारण तेरा सेकंदांनी मिटतं. घड्याळ जवळ ठेवून सराव केलात तर मुलांना तो वेग डोळ्यांनी दिसतो.

या प्रसंगात मला वारंवार सापडणाऱ्या चुका:

अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं. लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. अर्ध्या मिनिटात एक श्वास इकडेतिकडे झाला तर दुप्पट करताना दोनाचा फरक पडतो, आणि मर्यादेजवळच्या बाळाचा निकाल उलटू शकतो. पूर्ण मिनिटच लिहा.

घड्याळ आणि पोट यांत डोळे फिरवणं. चित्रात ताई मनगटाकडे बघताना दाखवतात. मग पोटाकडे कोण बघतंय? गजर लावा, किंवा घड्याळ पोटाशेजारीच धरलेलं दाखवा, किंवा वेळ बघायला दुसरं माणूस द्या.

दूध पिताना मोजणं. पाजून झालं, बाळ शांत झालं, मग मोजायचं. झोपलेल्या बाळाला मोजण्यासाठी उठवायचं नाही. उलट, ती मोजायची सगळ्यात सोयीची वेळ.

गळ्यात स्टेथोस्कोप. चित्रकाराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो हमखास काढतो. आशाताईच्या या कामाला डोळे आणि घड्याळ पुरतं, आणि तीच तर गोष्टीतली गंमत आहे.

तपासा: मसुद्यातला हा प्रसंग दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि म्हणा, यात लिहिलंय तसं करून दाखव. बाहुली चालेल. ती व्यक्ती जिथे अडखळेल तिथे एखादं वाक्य कमी पडलंय.

## ५. आकड्याचा अर्थ, मुलांच्या भाषेत

इथे लेखक दोन टोकांना जातात. एक तर "न्यूमोनिया हा फुप्फुसांचा संसर्ग असून" असं पाठ्यपुस्तक सुरू होतं, नाहीतर "बाळाला खूप मोठा आजार झाला होता" एवढ्यावर भागवतात. मुलांना एकच गोष्ट कळली तरी पुरे: आजारी बाळ जास्त वेळा श्वास *का* घेतं. फुप्फुसाच्या काही भागात पू-पाणी साठलं की एका श्वासात मिळणारी हवा अपुरी पडते, म्हणून शरीर श्वासांची संख्या वाढवतं. हे सांगायला मी चिंगीचं रोजचं काम वापरलं. त्याआधी एक विनोद, कारण इतक्या ताणानंतर मुलांना हसायला जागा लागते. आणि हा विनोद मोजण्यातली सगळ्यात मोठी चूकही दाखवतो:

> "माझे ब्याण्णव आले!" चिंगी म्हणाली.
>
> "ब्याण्णव? मी शेहेचाळीस मोजले." कांताताई क्षणभर गोंधळली. मग हसली. "तू पोट वर गेलं की एक म्हणालीस, खाली आलं की दोन?"
>
> "हो. दोनदा हललं ना ते."
>
> "वर आणि खाली मिळून एक. झोका पुढे जाऊन मागे आला की एकच झोका, तसं. ब्याण्णवचे निम्मे कर बघू."
>
> चिंगीनं जमिनीवर बोटानं हिशोब मांडला. "शेहेचाळीस!"
>
> "म्हणजे मोजलंस बरोबर, फक्त दुप्पट."
>
> "पण तो इतक्या भरभर श्वास का घेतोय?"
>
> "हंडा कशानं भरतेस तू?"
>
> "कळशीनं."
>
> "आणि कळशी फुटली, हातात नुसता तांब्या राहिला तर?"
>
> "मग खूप खेपा घालाव्या लागतील."
>
> "सोन्याच्या छातीत खोकल्याचं पाणी साचलं असावं. एका श्वासात त्याला कळशीभर हवा मिळत नाही, तांब्याभर मिळते. म्हणून बिचारा खेपा घालतोय."

४६ आणि ९२ हा मेळ आधीच ठरवून ठेवला होता. तुमच्या गोष्टीत आकडे वेगळे असतील तर निम्मं-दुप्पट जुळतंय ना ते बघा.

सांभाळा: ताईच्या तोंडी "याला न्यूमोनिया झालाय" असं ठाम वाक्य घालू नका. जलद श्वास ही न्यूमोनियाची खूण आहे. दम्यानं किंवा नुसत्या तापानंही श्वास वाढू शकतो. बाळाला काय झालंय ते दवाखान्यात ठरेल. "न्यूमोनिया असू शकतो, म्हणून आजच दाखवायचं" एवढंच तिचं म्हणणं असू द्या.

आणि याची उलट बाजू. आकडा मर्यादेच्या आत आला म्हणजे बाळ बरं, असंही गोष्टीतून जाता कामा नये. बाळ श्वास आत घेतं तेव्हा छातीचा खालचा भाग, खालच्या बरगड्यांपाशी, आत ओढला जात असेल तर आकडा काहीही असो, दवाखाना. हे मी ताईच्या एका वाक्यात घातलं आहे:

> कांताताईनं सोन्याच्या खालच्या बरगड्यांपाशी पुन्हा एकदा निरखून बघितलं. "आत ओढत नाही अजून. तसं झालं असतं तर मोजायचीही गरज नव्हती, उचलून पळालो असतो."

## ६. दवाखान्याची वाट

हा भाग आखूड ठेवा. मोजणं संपलं की मुलांचा ताण उतरतो, आणि इथे रेंगाळलेली गोष्ट पडते. पण दोन गोष्टी सोडू नका: नेणार कोण आणि कशानं.

आजीला खलनायिका करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. आजी अंगारा लावते, काढा देते, ताई तिला खोटं पाडते. अशा गोष्टी मी परत पाठवते. ऐकणाऱ्या मुलांच्या घरी आजी असते आणि तिच्याशिवाय बाळ दवाखान्यात जात नाही.

> "सर्दीच म्हणत होते मी," आजी म्हणाली.
>
> "तुम्ही काय, मीही तेच म्हणाले असते आजी. नुसतं बघून कळत नाही हे. मोजावं लागतं."
>
> आजीनं पेटीतून शंभराच्या दोन नोटा काढून सुरेखाच्या हातात कोंबल्या. "जीप साडेतीनला सुटते. आणि ते दुपटं घे, वाऱ्यात उघडं नको नेऊ त्याला."
>
> कांताताईनं चिठ्ठी लिहिली. नाव, वय चौदा महिने, खोकला तीन दिवस, श्वास मिनिटाला ४६. "मीही येते बरोबर. वाटेत पाजत राहा गं."

चिठ्ठीत औषधाचं नाव किंवा मात्रा लिहू नका. आशाताईकडे काही वेळा पहिल्या मात्रेचं औषध असतं, ते ती तिच्या शिकवणीप्रमाणे देते. पण मुलांच्या गोष्टीत आलेलं औषधाचं नाव मुलांच्या तोंडून घरी जातं, आणि उद्या कुणीतरी तेच दुकानातून आणून उरलेलं पाजतं.

## ७. शेवट: पुन्हा एकदा मोजणं

"आणि सोन्या बरा झाला" असं लिहून थांबायचं नाही. बरा झाला हे कशावरून कळलं, तेही मोजूनच कळलं पाहिजे. औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांनी आशाताई पुन्हा येऊन बघते, ती भेट वापरा.

> तिसऱ्या दिवशी सकाळी कांताताई आली तेव्हा सोन्या झोपला होता. चिंगीनं तोंडावर बोट ठेवलं. "उठवू नको ताई, आत्ताच मोजून घे. मी बोटं मिटते."
>
> गजर लागला. एक बोट. दोन बोटं. चिंगीची नजर तिसऱ्या बोटावर. ते मिटलं. ती चौथं बोट ताठ धरून बसली होती, कुणी ओढून मिटवेल की काय अशी.
>
> फोन वाजला.
>
> "तीन आणि चार," चिंगी म्हणाली. "चौतीस. वर-खाली मिळून एक धरून."
>
> फोनच्या आवाजानं सोन्या जागा झाला. त्यानं हात लांब करून पत्र्याचा डबा ओढला आणि जमिनीवर आपटला.

## ८. वाचून दाखवल्यावरची चाचणी

गोष्ट छापायला किंवा वर्गात द्यायच्या आधी आठ-दहा मुलांना वाचून दाखवा आणि "आवडली का" हे विचारू नका. मी तीन प्रश्न विचारते. ताईनं पहिल्यांदा मोजणं मध्येच का सोडलं? चिंगीचे ब्याण्णव का आले? सोन्या दहा महिन्यांचा असता तर किती बोटं धरली असती? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोष्टीत नाही, ते तुम्ही सांगायचं: पाच, म्हणजे अख्खी मूठ. त्यावर मुलं लगेच हात पुढे करून बोटं मिटायला लागतात.

त्यानंतर एक गोष्ट हमखास होते आणि तिची तयारी ठेवा. मुलं एकमेकांचे श्वास मोजायला लागतात. मोजू दे, पण लगेच सांगा की चार बोटांचा नियम वर्ष पूर्ण झालेल्या, पण पाच वर्षांच्या आतल्या बाळांचा आहे, तिसरीतल्या मुलांचा नाही. आणि घरी खोकणाऱ्या भावंडाचे मोजले, चौथं बोट मिटलं, तर वही काढून लिहीत बसायचं नाही, आईला हाक मारायची. आम्ही वाचन घेतलं त्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "आणि चौथं बोट मिटलं नाही, पण बाळ दूधच पीत नसेल तर?" तेव्हा मी गोष्ट पुन्हा उघडली आणि कांताताई चाव्या हलवते तो तुकडा दुसऱ्यांदा वाचून दाखवला.